मास्तरांच्या गाडीचा भाव

मिरजेच्या डॉक्टरांनी आप्पांना गाडी चालवायची नाही असं सांगितलं. काचबिंदू आधीच बराच पुढे गेला होता. समोरचं दिसायचं, पण बाजूचं दिसायचं नाही. डावीकडून रिक्षा आली तर ती अंगावर आल्यावरच त्यांना कळायची. दवाखान्यातून बाहेर आल्यावर ते रिक्षात बसताना एवढंच म्हणाले, "मग उभी करून काय करायची? विकून टाक."

आप्पा, माझे वडील, सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त होताना त्यांनी एकच मोठी खरेदी केली होती, ती म्हणजे ही मोटरसायकल. साधी शंभर सीसीची, काळी, लाल पट्ट्याची. तिच्यावर बसून ते भाजी आणायचे, पेन्शनीच्या कामाला जायचे आणि कृष्णेच्या घाटावर चित्रं काढायला जायचे. आई गेल्यावर ते घरात एकटेच राहिले. मी नोकरीनिमित्त साताऱ्यात, नवरा आणि मुलगी तिथंच. दर शनिवारी एसटीनं सांगलीला यायचं आणि रविवारी रात्रीच्या आत परतायचं, असं माझं चाललं होतं.

मधल्या दिवसांत आप्पांकडे माझा चुलतभाऊ बघायचा. दोन गल्ल्या सोडून राहतो. आप्पांची औषधं आणून देणं, गॅसचा नंबर लावणं, लाईट बिल भरणं, सगळं तोच करायचा. घराची एक किल्ली त्याच्याकडे असायची. त्याबद्दल मला त्याचं ओझं वाटायचं, आणि ते ओझं मी दिवाळीला त्याच्या पोरांना कपडे घेऊन हलकं करायचे.

गाडी विकायची म्हटल्यावर तोच पुढं झाला.

"ताई, तू लय विचार करू नगंस. मिरज रोडला माझ्या वळकीचा हाय. जुन्या गाड्यांचा मोठा डीलर. आज गाडी न्यायची, आज पैसे. कागदाची कटकट न्हाई, काय न्हाई."

मला ते बरंच वाटलं. मला कुठं वेळ होता?

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं तिथं गेलो. भाऊ गाडी चालवत पुढं, मी आणि आप्पा रिक्षानं मागून. पत्र्याच्या शेडखाली पन्नासभर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या सीटवर नवं चकचकीत कव्हर आणि टायरांना काळं पॉलिश. लांबून सगळ्या नव्या वाटायच्या. जवळ गेल्यावर पॉलिशचा वास नाकात बसायचा, रॉकेलसारखा, आणि त्याखाली गुटख्याचा.

डीलर खुर्चीतून उठला नाही. आधी भावाकडे बघून मान हलवली, मग आम्हाला बसा म्हणाला. मग एका माणसाला हाक मारून गाडी बघायला लावली. त्या माणसानं चप्पल न काढता पायानं मागच्या टायरला ठोकलं, चेन ओढून बघितली, किक मारली, कान लावला, आणि परत येऊन डीलरच्या कानात काहीतरी सांगितलं. आम्ही समोर बसलेलो असताना कानात.

"हे बघा मॅडम," डीलर म्हणाला, "मागचा टायर गेलाय. चेन सेट गेलाय. बॅटरी डेड, सेल्फ घेत नाही. विमा संपलेला. नवीन नंबर प्लेट बसवलेली नाही, ती बसल्याशिवाय आरटीओत काही होत नाही. आरसी बुकावर पतसंस्थेचा बोजा तसाच आहे. म्हणजे कर्ज फिटलं तरी कागदावर गाडी अजून गहाण आहे. वर एक चलन पेंडिंग दाखवतंय."

हे सगळं खरं होतं. आप्पांनी कर्ज केव्हाच फेडलं होतं, पण त्यानंतर आरटीओत जाऊन बोजा उतरवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. विमा डोळ्यांच्या धावपळीत राहून गेला होता.

"चलन कसलं?" आप्पांनी विचारलं.

"कोल्हापूरचं. विना हेल्मेट."

"मी कोल्हापूरला गाडी नेलीच नाही कधी."

भाऊ पत्र्याच्या आढ्याकडे बघत होता. "आवं काका, मी नेलती की एकदा. इसरलो सांगायचं."

डीलर हसला. मग त्यानं आकडा सांगितला. चौदा हजार.

मला भाव माहीत नव्हता, पण तरीही तो आकडा ऐकून मला कसंतरी झालं. आप्पा म्हणाले, "गाडी फार चाललेली नाही. मीटर बघा. फक्त गावात फिरवलीय मी."

डीलर भावाकडे वळून म्हणाला, "मीटरचं काय घेऊन बसलाय. मीटर काय, मागंपुढं करता येतं. मास्तर लोक पण करतात हल्ली."

आप्पांना तो कुठल्या दिशेला बसलाय ते नीट दिसत नव्हतं. ते किंचित दुसरीकडेच बघत म्हणाले, "मी तसलं करत नाही."

आणि तो माणूस हसला. त्याच्या त्या हसण्याची मला जी किळस आली ती अजून गेलेली नाही. नुसती कमी किंमत सांगितली असती तर धंदा आहे म्हणून सोडून दिलं असतं. शेडचं भाडं असतं, माणसांचे पगार असतात, गाडी विकली जाईपर्यंत पैसा अडकून पडतो, दुरुस्ती आणि कागदांचा खर्च त्यालाच करायचा असतो. त्यानं त्यात नफा ठेवावा, कुणी नको म्हटलंय? पण ज्या माणसानं आयुष्यभर पोरांच्या वह्यांवरच्या रेघासुद्धा पट्टीनं मारून दिल्या, त्याला समोर बसवून चोर म्हणायचं, आणि तेही भाव आणखी दोन पैशानं खाली ओढायला!

मग त्यानं ड्रॉवरमधून छापील फॉर्म काढले. वरती काहीच भरलेलं नव्हतं, खाली फुल्या मारलेल्या.

"इथं मास्तरांच्या सह्या करा. बाकी आम्ही भरून घेतो."

"घेणाऱ्याचं नाव कुठंय?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक आल्यावर घालतो ना, मॅडम. सगळे असंच करतात."

मी जिल्हा परिषदेत कारकून आहे. कोऱ्या कागदावर सही म्हणजे काय, ते मला रोजच्या कामातून माहीत आहे. गिऱ्हाईक सहा महिने आलं नाही तर सहा महिने गाडी आप्पांच्या नावावर फिरणार. त्या काळात कुणी तिच्यावर बसून कुणाला उडवलं, तर पोलीस आप्पांच्या दारात. मी फॉर्म परत सरकवले आणि म्हटलं, "विचार करून सांगते."

बाहेर आल्यावर भाऊ चिडला. "ताई, तू सोन्यासारखा चान्स घालवलास. प्रायव्हेट गिऱ्हाईक काय येतंय व्हय? आलं तर मागं शंभर भानगडी. काकांनी कुठं पळायचं?"

रविवारी दुपारी साताऱ्याला परतताना वाटेवरच्या एका शोरूमपाशी उतरले. तिथं नवी गाडी घेतली तर जुनी बदलून घेतात. तिथला मुलगा स्वच्छ शर्टातला, गोड बोलणारा. मी फोटो दाखवले, वर्ष सांगितलं. त्यानं संगणकात बघून सोळा हजार सांगितले, "आणि नवी गाडी घेतलीत तर वर तीन हजार एक्स्चेंज बोनस." मी विचारलं, नवी न घेता नुसती द्यायची असेल तर? तो म्हणाला, "मग बोनस नाही, आणि सोळाही होणार नाहीत, मॅडम." नवीच्या किमतीत किती सूट मिळेल असं विचारलं तर म्हणाला, बोनस घेतला की सूट नाही. म्हणजे ह्या हातानं द्यायचं आणि त्या हातानं काढून घ्यायचं. पण हा निदान हसला नाही, आणि कोऱ्या फॉर्मवर सही मागितली नाही. त्या आठवड्यात तेवढंसुद्धा सभ्य वाटलं.

मी ठरवलं की गाडी आपण नीट करायची, कागद पुरे करायचे आणि स्वतः विकायची.

त्याला दोनेक महिने लागले, कारण मला फक्त शनिवार मिळायचा, आणि शनिवारी बहुतेक कचेऱ्या बंद. मला मधल्या वारी रजा टाकायला लागल्या. आधी कोल्हापूरचं ते चलन भरलं. त्यावर फोटो होता. भाऊ गाडीवर, मागं त्याचा कुणी मित्र, दोघं बोडके, हसत. मग थर्ड पार्टी विमा काढला, पीयूसी काढलं. नवीन नंबर प्लेटसाठी ऑनलाईन तारीख घेतली आणि केंद्रावर जाऊन ती बसवून घेतली. मग पतसंस्था. तिथल्या सचिवांनी जुनं खातं शोधायला दोन खेपा घालायला लावल्या, पण शेवटी कर्ज निरंक असल्याचं पत्र आणि बोजा उतरवायच्या फॉर्मवर सही-शिक्का दिला. ते सगळं आरटीओत गेलं, आणि काही आठवड्यांनी टपालानं नवं कार्ड आलं. त्यावर पतसंस्थेचं नाव नव्हतं.

आप्पा कार्ड हातात घेऊन डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन बघत राहिले. "इतकी वर्षं ही माझी नव्हती म्हणजे," ते म्हणाले.

दुरुस्ती गल्लीतल्या मेस्त्रीकडं केली. मागचा टायर, चेन सेट, बॅटरी, ब्रेकचे गुटके, ऑईल, क्लचची केबल. कागद आणि दुरुस्ती मिळून साडेसहा हजारांच्या जवळपास गेले. रंगाला हात लावला नाही. टाकीवर एक ओरखडा होता तो आप्पांनी तसाच ठेवायला सांगितला. म्हणाले, "घेणाऱ्याला दिसू दे. झाकलं की शंका येते."

मग मी गाडी फोटोसह ऑनलाईन विकायला टाकली. चौतीस हजार. आणि त्यानंतर जे सुरू झालं त्यानं मला माणसांचा वीट आला.

सकाळी सहाला फोन. "लास्ट किती?" गाडी न बघता, नाव न सांगता, लास्ट किती. एकानं पाच मिनिटांत चार वेळा तेच विचारलं. एकजण शनिवारी आला, चक्कर मारून येतो म्हणाला. मी त्याची स्वतःची गाडी आणि आधार कार्ड ठेवून घेतलं म्हणून बरं, कारण तो तासाभरानं आला तेव्हा टाकीतलं पेट्रोल संपलेलं होतं. वर म्हणतो, "ॲव्हरेज बघितलं, काका. चांगलं नाय." दुसरा एकजण गाडीपाशी उभा राहून बोलता बोलता आमच्या कुंपणाच्या भिंतीवर थुंकला. लाल. आप्पांना दिसलं नाही, पण आवाज ऐकू आला. तो गेल्यावर मी बादली आणली तर ते म्हणाले, "राहू दे, मी धुतो." आणि चाचपडत, कुठं लागलंय ते मला विचारत, त्यांनी भिंत धुतली. मी त्या वेळी तिथं उभी राहून रडले नाही, पण गाडी नदीत ढकलून द्यावी असं वाटलं.

भाऊ मधेमधे येऊन बघायचा. "किती आलं?" म्हणायचा. "अजून सांग, चौदा न्हाई, साडेचौदा करून देतो. माझा शबूद हाय."

एका शनिवारी कुंडलहून एक फोन आला. माणूस तिशीतला, पलूसच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला कामाला. त्यानं लास्ट किती विचारलं नाही. "गाडी कुणी चालवलीय?" असं विचारलं. दुपारी तो आणि त्याची आई एसटीनं आले. आई नऊवारीतली, साठीची, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या तिनं आप्पांना वाकून नमस्कार केला.

"मास्तर, तुमी चित्रं काढायचा ना? कुंडलच्या शाळंत परीक्षेला आलता तुमी. माझ्या थोरल्याला बक्षीस दिलंतं."

आप्पांना आठवलं नाही, पण त्यांचा चेहरा उजळला.

मुलानं गाडी शांतपणे बघितली. ओरखड्याबद्दल विचारलं, मी सांगितलं. गाडी सुरू केली, सेल्फनं एकदा, किकनं एकदा. मग फाटकाजवळ उभा राहून फोनमध्ये काहीतरी बघायला लागला. गाडीकडे बघायचा, फोनकडे बघायचा. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, एक विचारू? राग नका मानू. ही गाडी मिरज रोडच्या डीलरकडं पण हाय का?"

"नाही. का?"

"मी तीनेक महिन्यांमागं तिथं गेलतो. त्यांनी मला ही गाडी दाखवली. म्हणजे फोटो. म्हणाले, आठवड्यात येतीय, मास्तरांची गाडी, एकच मालक, सदतीस हजार. मी टोकन देणार होतो, पण आई म्हणाली, गाडी बघितल्याबिगर नको."

त्यानं फोन माझ्या हातात दिला. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो होता. आमची गाडी, आमच्या फाटकाच्या आत, तुळशीच्या कुंडीजवळ. पायरीवर आप्पांच्या चपला. खाली लिहिलेलं, सिंगल ओनर, फिक्स ३७, लवकर सांगा. तारीख आम्ही डीलरकडे गेलो त्याच्या चार दिवस आधीची.

म्हणजे आप्पांना चोर म्हणणाऱ्या त्या माणसानं गाडी बघायच्या आधीच तिचा भाव गिऱ्हाइकाला सांगून ठेवला होता. चेन, टायर, बॅटरी, बोजा, सगळं नंतरचं नाटक. आणि फोटो फाटकाच्या आतून काढलेला. आत येणारा कोण, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मधल्या वारी किल्लीनं फाटक उघडणारा एकच माणूस होता.

त्या कुंडलच्या माणसाला मी फोन परत दिला आणि एवढंच म्हटलं, "फोटो आमच्याच घरचा आहे. गाडी डीलरकडं कधीच नव्हती."

"मग आमचं नशीब," त्याची आई म्हणाली. "तिथं घेतली असती तर सदतीस गेलं असतं."

"आणि आप्पांना चौदा मिळाले असते," मी म्हणाले. बोलून गेले. आप्पा ओट्यावर बसले होते, त्यांनी ऐकलं. त्यांनी मला जवळ बोलावून सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "आधी ह्यांचं काम कर. ती लांबून आलीत."

व्यवहार एकतीस हजारांवर ठरला. बाईंनी तीस म्हटलं, आप्पांनी बत्तीस, आणि मधे थांबले. बाईंनी पिशवीतून पैसे काढून आप्पांच्या हातावर ठेवले. आम्ही फॉर्म पूर्ण भरूनच सह्या केल्या. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, सगळं. मुलानं चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला. गाडी ताब्यात दिल्याची चिठ्ठी, तारीख आणि वेळ घालून दोघांच्या सह्यांनी, दोन प्रती. आधारची झेरॉक्स गल्लीच्या तोंडाच्या दुकानातून. ऑनलाईन अर्ज करताना आप्पांच्या मोबाईलवर ओटीपी आला तो मी वाचला. आमचीही गाडी सांगलीची आणि त्यांचंही आरटीओ सांगलीच, त्यामुळं दुसरी भानगड नव्हती. खर्च वजा जाता हातात साडेचोवीस राहिले. डीलरच्या चौदापेक्षा दहा हजार जास्त. मुलानं गाडी चालू केली, बाई मागं बसल्या, पदर खोचला, आणि निघून गेले.

संध्याकाळी भाऊ आला. गाडी नाही हे त्याला फाटकातच दिसलं.

"गेली व्हय? कितीला?"

आप्पा खुर्चीत बसले होते. म्हणाले, "बस. डीलर तुला किती देणार होता?"

भाऊ आधी हसला. मग माझ्याकडे बघितलं. मग हसणं तोंडावर तसंच राहिलं.

"काका, काय बी काय बोलताय."

"फोटो तू काढलास. फाटकाच्या आतनं. सदतीस हजाराला त्यानं लोकांना दाखवला. मला चौदा सांगितले. तुला किती?"

"आवं, चार म्हणला हुता." त्यानं हे असं सांगितलं जणू चूक डीलरची होती, कमी सांगितल्याबद्दल. "पण मिळालं कुठं? ताईनं इकलीच न्हाई. आन् त्यात काय एवढं? धंदा हाय. सगळीच घेतात कमिशन. मी काय फुकट पळतोय व्हय तुमच्या मागं? औषधं आणतो, बिलं भरतो. कोण करतंय आजकाल?"

मला वाटलं होतं तो खाली बघेल. रडेल. निदान शरमेल. त्यानं उलट हिशेब मांडायला घेतला, किती वेळा औषधं आणली, किती वेळा पेट्रोल गेलं. त्यातलं पेट्रोलसुद्धा बऱ्याचदा आप्पांच्याच गाडीतलं होतं. आणि तो बोलत असताना मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. लहानपणी आम्ही दोघं एकाच ताटात जेवायचो. त्याच्या तोंडातून आता शेडमधल्यासारखा वास येत होता, गोडसर, तंबाखूचा.

आप्पांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढं केला.

"किल्ली दे."

"काका, असं करू नका."

"किल्ली दे रे. कोल्हापूरला गाडी नेलीस, चलन झालं, मी काही म्हणालो नाही. तो मला चोर म्हणाला तेव्हा तू शेजारी उभा होतास. तेव्हासुद्धा तू बोलला नाहीस. पैशाचं मला काही नाही. चार मागितले असतेस, दिले असते. पण तू तिथं उभा होतास."

भावानं किल्ली टेबलावर टाकली. ठेवली नाही, टाकली. आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "आता बघ, ताई. साताऱ्यातनं येऊन रोज औषधं दे."

फाटक आपटलं. मी चहाचे कप उचलले, त्यात भावाचा उष्टा कपही होता. आप्पा म्हणाले, "तो कप नीट धू." मग थोड्या वेळानं, "नको. फेकून दे." तो कप चांगला होता, बाजारातून दोन वर्षांपूर्वीच आणलेला. मी फेकून दिला.

सोमवारी मी रजा टाकली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी बोलले, त्यानं महिन्याची औषधं घरपोच द्यायचं कबूल केलं. जेवणाचा डबा लावला. बिलं मी साताऱ्यातून फोनवरच भरायला लागले. एवढं सगळं दोन दिवसांत झालं. भावानं आठ वर्षं जे केलं होतं, आणि ज्याचं ओझं मी आठ वर्षं वाहत होते, ते दोन दिवसांच्या कामाएवढं होतं. हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला शिसारी आली. त्याची, डीलरची, आणि थोडी त्या दिवाळीच्या कपड्यांचीसुद्धा.

आप्पांनी साताऱ्याला यायचं नाकारलं. आता काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. मी म्हटलं, आप्पा, एक गोष्ट विचारू का, तुम्हाला आधीपासून शंका होती का त्याची? ते म्हणाले, "मला बाजूचं दिसत नाही गं." हे ते डोळ्यांबद्दल म्हणाले की कशाबद्दल, मी पुन्हा विचारलं नाही.

महिन्याभरानं गाडी नावावर झाल्याचा मेसेज आला. कुंडलच्या मुलानं नव्या कार्डाचा फोटोही पाठवला, गाडी धुऊन पुसून त्यांच्या अंगणात उभी. आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं झालं. आता कुणी उडवलं तर माझ्याकडं नको यायला."

मागच्या हिवाळ्यात माण तालुक्यात, दहिवडीजवळ, आमच्या भावकीत एक लग्न झालं. आप्पांना घेऊन मी गेले. मंडपात पंगतीला बसले तर समोरून भाऊ जिलबीचं ताट घेऊन वाढत आला. नवा शर्ट, गळ्यात उपरणं, तोंडभर हसू. लोकांना नावानं हाका मारत, कुणाच्या पानात दोन, कुणाच्या पानात तीन. माझ्यापाशी आला आणि वाकला.

"घे की, ताई. लाजतीस काय? आपल्याच घरचं लगीन हाय."

आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं दोन जिलब्या माझ्या पानात ठेवल्या. शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, तुझा भाऊ का गं? मी हो म्हणाले. आप्पा माझ्या उजवीकडे बसले होते, त्यांना तो दिसला नाही, पण आवाज ओळखला. त्यांनी आपलं पान हातानं झाकून घेतलं. भाऊ पुढं गेला. पाक माझ्या भातात उतरत होता. मी पान तसंच दुमडलं आणि उठले.